सहा मीटरची गल्ली, नऊ मीटरचा कागद : महापालिका आयुक्त आणि नगररचना विभागाला खुले पत्र

माननीय आयुक्त महोदय आणि नगररचना विभागातील अधिकारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर मागच्या महिन्यात एक सूचना लागली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली आमच्या सहा मीटर रस्त्याची नियमित रेषा दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर मागे सरकवून तो नऊ मीटरचा करण्यात येत आहे, असा तिचा मजकूर होता. हरकती कळवायची मुदत होती, आणि मी मुदतीत हरकत दिली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे. आपल्या शहरात अशा अनेक गल्ल्या आहेत. पुण्यात 2020 साली एकाच प्रस्तावात असे 323 रस्ते सहाचे नऊ मीटर करायचं घाटलं होतं. म्हणजे हा प्रश्न एका गल्लीपुरता नाही.

माझी ओळख एवढीच की मी तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षं सर्वेक्षण शिकवलं आणि आता निवृत्त आहे. गल्लीच्या उत्तर बाजूला, 1984 च्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मी आणि माझी आई राहतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. काठी घेऊन रोज सकाळी ती दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाते आणि येताना दोन ठिकाणी थांबते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गच्ची गळते, पाण्याचे पाइप कुजले आहेत. पुनर्विकास आम्हालाही हवा आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत मी स्वतः हात वर केला होता. बांधकामाला विरोध करणाऱ्यांत मला घालू नये, ही पहिली विनंती.

टेप, दोरी आणि कोनमापक घेऊन मी गल्ली मोजली. लांबी 220 मीटर, दिशा जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम. दोन्ही बाजूंना मिळून सोळा प्लॉट. रस्ता सहा मीटर, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन मीटर पुढची मोकळी जागा, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत बारा मीटर अंतर. इमारती तळमजला अधिक दोन, उंची दहा मीटरच्या आसपास. रस्त्याच्या कडेला एकोणतीस झाडं : कडुनिंब, करंज, बकूळ आणि दोन गुलमोहर. बुंधे आजच्या रस्त्याच्या कडेपासून साधारण अर्धा-पाऊण मीटर आत आहेत. हे आकडे पुढे लागतील.

दीड मीटरची ही पट्टी कशासाठी, हे आपण सूचनेत लिहिलं नाही, पण ते गुपित नाही. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार आमच्यासारख्या दाटीबाहेरच्या भागात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर 1.1 एवढाच एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या 1.1 पट बांधकाम, मिळतो. रस्ता नऊ मीटरचा झाला की मूळ 1.1, अधिमूल्य भरून 0.5 आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, 0.4 असा तो 2.0 होतो. त्यावर जिने, लिफ्ट, बाल्कन्या अशा भागांसाठीचा पूरक एफएसआय वेगळा. आमच्या गल्लीतला एक प्लॉट सुमारे सातशे चौरस मीटरचा आहे. त्यावर आज 770 चौरस मीटर मोजलं जातं, उद्या 1400 मोजलं जाईल. पूरक एफएसआय धरला तर बांधकाम सव्वाबाराशेवरून सव्वाबावीसशेच्या घरात जातं. म्हणून तीन मजल्यांच्या जागी स्टिल्ट पार्किंग आणि वर सात मजले येतात, उंची 24 मीटरच्या जवळ जाते. यातून जुन्या रहिवाशांना लिफ्ट आणि थोडी मोठी घरं मिळतात, हे मला मान्य आहे. सहा मीटरच्या गल्लीत दोन्हीकडे गाड्या लागल्या की अग्निशमनाचा बंब आत येत नाही, हेही मी पाहिलं आहे. तेव्हा रुंदीकरण मुळातच चूक आहे असं मी म्हणत नाही. ते ज्या पद्धतीने होत आहे, तिच्याबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार. रस्ता कागदावर आज नऊ मीटरचा होतो आणि जमिनीवर कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही. कलम 210 ची रेषा आखली म्हणून कुणाचं कंपाउंड लगेच पडत नाही. ज्याचा पुनर्विकास येईल तो आपल्या प्लॉटपुढची दीड मीटर पट्टी सोडतो. सोळा प्लॉट म्हणजे सोळा सोसायट्या, सोळा बिल्डर, सोळा वेळापत्रकं. एखादी सोसायटी भांडणात अडकली की वीस वर्षंही जातील. वाढीव एफएसआय मात्र पहिल्याच प्लॉटला पूर्ण मिळतो, पूर्ण रस्ता नऊ मीटरचा झाला असं समजून. पश्चिम टोकाच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहिली आहे. तिने सोडलेल्या पट्टीची लांबी पंचवीस मीटर. पुढे लगेच जुनं कंपाउंड बाहेर येतं. या खाचेचा रस्ता म्हणून काहीही उपयोग होत नाही, कारण वाहनाला दोन्ही टोकांना पुन्हा सहा मीटरमध्येच यावं लागतं. मग तिथे काय होतं? सकाळी पाण्याचा टँकर उभा राहतो, दिवसभर पाहुण्यांच्या गाड्या, रात्री टेम्पो. पट्टीचा पृष्ठभाग रस्त्यापेक्षा एक वीत उंच आहे, मध्ये ड्रेनेजचं चेंबर वर आलेलं आहे आणि विजेचा डीपी जागच्या जागी आहे. आई पूर्वी त्या कंपाउंडच्या कडेकडेने जायची. आता तिला टँकरला वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर यावं लागतं. रस्ता रुंद झाला तिथेच तिची वाट अरुंद झाली.

जवळच्या एका वसाहतीतला रस्ता दहा-बारा वर्षांत बहुतेक सगळा नऊ मीटरचा झाला आहे. तोही मी पाहून आले. भिंतीपासून भिंतीपर्यंत डांबर, दोन्हीकडे गाड्या, मधून दुचाकी सुसाट. सहा मीटरच्या गल्लीत चालक आपोआप हळू जातो, कारण समोरून कुणी आलं तर थांबावं लागणार हे त्याला दिसत असतं. म्हणूनच फुटपाथ नसूनही आमच्याकडे मुलं आणि म्हातारी माणसं रस्त्यावरून चालू शकतात. नऊ मीटर डांबर मिळालं की तो धाक जातो, आणि बदल्यात फुटपाथही मिळत नाही. त्या वसाहतीत आता चार गतिरोधक घातले आहेत, आणि गतिरोधकावर कठडा नसताना काठी टेकवत चढणं-उतरणं किती अवघड जातं, ते आईला विचारावं.

दुसरी तक्रार उन्हाची आणि सावलीची आहे. ती मी जरा सावकाश मांडणार आहे, कारण या बाबतीत आपल्या विभागाने हिशेबच केलेला दिसत नाही.

उंच इमारती आल्या की सावली येईल, मग झाडांचं एवढं काय, असं मला आपल्याच एका कार्यालयात तोंडी ऐकवलं गेलं. उत्तर-दक्षिण गल्लीत हे काही अंशी खरं आहे. तिथे सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते. पूर्व-पश्चिम गल्लीत गोष्ट उलटी होते. आपलं शहर 20 उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. मेच्या 20 तारखेच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, कितीही उंच इमारतीची सावली तिच्या पायाशीच राहते. दुपारी साडेतीनला तो पश्चिमेला 48 अंशांपर्यंत उतरतो, पण त्याची दिशा पश्चिमेपासून जेमतेम आठ अंश उत्तरेला असते, म्हणजे जवळजवळ आमच्या गल्लीच्या रेषेत. 24 मीटर उंचीच्या इमारतीची सावली तेव्हा 22 मीटर लांब पडते खरी, पण ती गल्लीला समांतर, शेजारच्या प्लॉटच्या दिशेने. रस्त्याच्या दिशेने ती फक्त तीन मीटर सरकते आणि इमारतीच्या स्वतःच्या पुढच्या मोकळ्या जागेतच संपते. रस्त्यावर काहीच पोचत नाही. त्या दिवसांत सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत आमच्या गल्लीत चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली धरेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ती एकोणतीस झाडं.

आणि हिवाळ्यात? 22 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. दहा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा साडेनऊ मीटर पडते. समोरच्या भिंतीपर्यंत अंतर बारा मीटर असल्यामुळे आज दक्षिणेकडच्या इमारतींची सावली आमच्या भिंतीला शिवत नाही. आई दहा ते एक या वेळात बाल्कनीत पाय पसरून बसते. तळमजल्यावरच्या घरी यंदा बाळ आहे, त्याला तेल लावून तिथेच उन्हात धरतात. आता समोर 24 मीटरची इमारत आली असं धरू. ती दीड मीटर मागे गेली, आम्ही अजून आमच्याच जागी आहोत, म्हणजे दोन भिंतींत अंतर साडेतेरा मीटर. तिची सावली आमच्या भिंतीवर जवळपास पावणेदहा मीटर उंच चढते. आमची इमारत दहा मीटरची आहे. भर दुपारी तीनही मजले आणि पूर्ण रस्ता सावलीत. पुढे आम्हीही मागे सरलो आणि अंतर पंधरा मीटर झालं, तरी सावली आठ मीटरपर्यंत राहतेच.

थोडक्यात, आमच्यासारख्या गल्लीत वाढीव उंची थंडीत ऊन काढून घेते आणि मेमध्ये सावली देत नाही. त्यात रुंदीकरणाच्या नावाखाली झाडं गेली तर दोन्ही ऋतूंत माणूस उघडा पडेल. झाडं तोडलीच तर 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षांच्या कडुनिंबाबद्दल शहराबाहेर चाळीस रोपं लावली म्हणून आमच्या गल्लीतल्या माणसाला दुपारी दूध आणायला जाता येत नाही.

तिसरी तक्रार लहान वाटेल, पण चालणाऱ्याला ती रोज भेटते. जुन्या इमारतींत तळमजल्यावर घरं होती. खिडक्या, ओटे, तुळशी, कपडे वाळत घातलेले, कुणीतरी भाजी निवडत बसलेलं. आई दूध आणायला निघाली आणि परत यायला उशीर झाला की तळमजल्यावरच्या काकू मला हाक मारून सांगतात. नव्या इमारतीत तळमजला म्हणजे स्टिल्ट पार्किंग. रस्त्याकडे पुरुषभर उंच कोरी भिंत, एक लोखंडी फाटक आणि गाड्यांचा रॅम्प. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खालच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, हाक पोचत नाही. सोळाही प्लॉट असे झाले तर दोनशे मीटर गल्लीत रस्त्यावर नजर असलेली एकही खिडकी उरणार नाही. रॅम्पचीही तीच गत. नव्या इमारतीने आपल्या रॅम्पचा उतार थेट रस्त्याच्या पट्टीत आणून सोडला आहे. उद्या तिथे फुटपाथ करायचा म्हटलं तर दर पंचवीस मीटरवर तो खाली उतरवून पुन्हा वर चढवावा लागेल. असले फुटपाथ आपण शहरात पाहतोच. लोक त्यांच्यावरून चालत नाहीत, कारण ते चालण्यासारखे नसतात, आणि मग लोक फुटपाथ वापरत नाहीत म्हणून पुढचा फुटपाथ रद्द होतो.

आता मागण्या.

आमच्या गल्लीच्या नऊ मीटरचा आडवा छेद परवानगीच्या आधी ठरवून प्रसिद्ध करावा. मी एक सुचवते. नव्या कडेपासून 1.8 मीटर फुटपाथ, त्यानंतर 0.9 मीटर झाडांची पट्टी, मध्ये 3.6 मीटर वाहनमार्ग, आणि पलीकडे तसंच उलट. बेरीज बरोबर नऊ होते. 1.8 मीटर हा आकडा माझा नाही, इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या पादचारी मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागासाठी किमान मोकळी रुंदी तेवढीच सांगितली आहे. महत्त्वाचं हे की आजची झाडं या छेदात आहेत तिथेच बसतात. नवी दीड मीटर पट्टी झाडांच्या मागे येते, तिचा फुटपाथ होतो, आणि झाड फुटपाथ व वाहनांच्या मध्ये उभं राहतं. एकही बुंधा हलवावा लागत नाही. याची किंमत आहे, ती मी लपवत नाही : वाहतूक एकेरी करावी लागेल आणि रस्त्यावर गाडी लावता येणार नाही. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, तो 3.6 मीटरमधून जातो, पण मध्ये लावलेली एक गाडीही त्याला अडवेल. त्यामुळे पार्किंगबंदी खरोखर राबवावी लागेल. नव्या इमारतींना आपण पार्किंग बांधायला लावताच, गाड्या तिथे जाव्यात.

वाढीव एफएसआय आणि जमिनीवरची पट्टी एकमेकांना बांधावी. सोडलेली पट्टी ठरलेल्या उंचीला, चेंबर समतल करून, डीपी हलवून, चालण्याजोगी करून पालिकेच्या ताब्यात आल्याशिवाय त्या प्लॉटला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि पट्टी मोकळी झाली त्या दिवसापासून तिथे खांब रोवून गाड्या बंद कराव्यात, शेजारची खाच भरेपर्यंत थांबू नये. पंचवीस मीटर का होईना, पण तेवढा फुटपाथ असेल.

पूर्व-पश्चिम गल्ल्यांत दक्षिण बाजूच्या इमारतींना बारा मीटर उंचीनंतर वरचे मजले साडेचार मीटर मागे घ्यायला लावावेत. आमच्या उदाहरणात मग डिसेंबरच्या मध्यान्हीची सावली पावणेदहाऐवजी पाच मीटरपर्यंत येते, आणि दोन्ही इमारती नव्या झाल्यावर साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे साधारण स्टिल्टच्या उंचीपर्यंत. पुढचा भाग बारा मीटरचाच राहिल्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्यालाही समोर आठ मजल्यांची सलग भिंत दिसत नाही. यात वरच्या चार मजल्यांवर क्षेत्र कमी होईल. ते मागच्या बाजूला किंवा एखाद्या जादा मजल्यात सामावून घेता येईल का, हे आपल्या नगररचनाकारांनी प्रत्येक प्लॉटवर तपासावं. जिथे बसत नाही तिथे तेवढा एफएसआय त्या रस्त्याला पेलत नाही, असं लिहून द्यावं. उत्तर बाजूच्या इमारतींवर ही अट नको, त्यांची हिवाळ्यातली सावली रस्त्यावर पडत नाही.

तळमजल्याचा रस्त्याकडचा निदान अर्धा भाग राहता किंवा वापरता असावा. दुकान, सोसायटीचं कार्यालय, प्रवेशाची खोली, बाक असलेला ओटा, काहीही चालेल. कंपाउंडची भिंत कमरेएवढी आणि वर जाळी. रॅम्पचा संपूर्ण उतार प्लॉटच्या आत, आणि फाटकासमोर फुटपाथ सलग एकाच पातळीवर. चढायचं ते गाडीने चढावं. कर्बची उंची 15 सेंटीमीटरच्या वर नको. आईचा पाय त्याहून वर उचलला जात नाही.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा नागरिकांचा हक्क असल्याचं सांगितलं आहे. बांधकाम परवानगीच्या पत्रात अटी घालण्याचा अधिकार आपल्याकडे आजही आहे. आमच्या गल्लीतल्या पुढच्या दोन सोसायट्यांचे नकाशे आपल्या टेबलावर आहेत, त्यांतला एक बरोबर आमच्यासमोरच्या, दक्षिण बाजूच्या प्लॉटचा आहे. त्या दोन परवानग्या आडवा छेद ठरेपर्यंत थांबवाव्यात, ही माझी सगळ्यात तातडीची मागणी आहे. त्यासाठी महिनाभर पुरेल. मोजमापं माझ्याकडे तयार आहेत, प्रत्येक झाडाची जागा नकाशावर टिपलेली आहे. मी ती आपल्या विभागाला विनामूल्य देते.

आणि एक विनंती. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी येत्या मे महिन्यात एकदा दुपारी साडेतीनला गाडी नाक्यावर ठेवून आमच्या गल्लीतून पायी चालावं. पश्चिम टोकाला, नव्या इमारतीसमोरून सुरुवात करावी. तिथे रस्त्याकडेला पूर्वी दोन करंज होते. मग पुढे कडुनिंबांखाली यावं. मी आमच्या फाटकाशी थांबेन, आईही असेल.

आपली नम्र,
गल्लीच्या उत्तर बाजूची एक रहिवासी